नंबर का दिला ते आधी सांगा

माणदेशातल्या एखाद्या चैत्री यात्रेत सजवलेल्या बैलगाड्यांच्या फोटोंची स्पर्धा ठेवली, की निकालाच्या वेळी मांडवात दोन प्रकारची माणसे बसलेली असतात. एकीकडे फोटो काढणारी तरुण मुले-मुली, दुसरीकडे ज्यांच्या गाड्या त्या फोटोंत आहेत ते शेतकरी. मुलांना वाटते, बक्षीस आपल्या नजरेला आहे. शेतकऱ्यांना वाटते, ते आपल्या खिलार जोडीला, आरशांच्या झुलीला, घरातल्या बायकांनी रात्री जागून ओवलेल्या गोंड्यांना आहे. दोघांचेही म्हणणे चुकीचे नाही, आणि निकाल सांगणाऱ्याच्या हाती जेमतेम चार मिनिटे असतात. मागे ढोल-हलगीवाले ताटकळत असतात, कुस्त्यांची वेळ झालेली असते. या चार मिनिटांत नुसते ‘पहिला क्रमांक अमुक, दुसरा तमुक’ एवढेच सांगितले, तर पारावरचा वाद पुढच्या यात्रेपर्यंत चालतो. ‘त्याच्या गाडीपेक्षा आमची गाडी कुठं कमी होती?’ हा प्रश्न रास्त असतो आणि त्याला उत्तर मिळालेले नसते.

म्हणून या छोट्या भाषणाचा मुख्य भाग नावे नसून कारणे असतात. आणि कारणे सांगायची, तर ती आधी पंचांच्या मनात स्पष्ट असावी लागतात. भाषण कसे असावे हे पाहण्याआधी निकष काय असावेत हे पाहिले पाहिजे.

फोटोस्पर्धेत गुण सजावटीला द्यायचे नसतात, सजावट फोटोत किती दिसते याला द्यायचे असतात. हा फरक एकदा पटला की अर्धा वाद मिटतो. माणदेशातली गाडी यात्रेला निघते तेव्हा तिच्यावर पाहण्यासारखे खूप असते. बैलांच्या शिंगांना हिंगूळ किंवा रंग, टोकांना पितळी शेंब्या, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा आणि कवड्यांच्या माळा, पाठीवर झूल, म्होरकीला रंगीत गोंडे. गाडीला जुवापासून मागच्या टोकापर्यंत पताका, चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट किंवा उसाची ताटे, आंब्याचे डहाळे. चाकाच्या आऱ्यांना आणि पुठ्ठ्यांना रंगाचे पट्टे. हे सगळे प्रत्यक्ष पाहताना आपण गाडीभोवती फिरतो, डोळे वर-खाली करतो. फोटोला मात्र एकच जागा मिळते. ती जागा कोणती निवडली, यावर सजावट दिसणार की नाही हे ठरते.

अगदी समोर उभे राहून फोटो काढला, तर दोन्ही बैलांची तोंडे, बाशिंगे, शिंगे छान येतात, पण गाडी बैलांच्या मागे झाकली जाते. चाके तर दिसतच नाहीत. बरोबर बाजूने काढला, तर चाक, साटा, पताका सगळे स्पष्ट येते, पण अलीकडचा बैल पलीकडच्याला झाकतो. जोडीची गाडी एका बैलाची वाटू लागते. समोरून थोडे बाजूला सरकून, तिरकस उभे राहिले की दोन्ही तोंडे, जू, एक झूल पूर्ण, एक चाक आणि वरच्या पताका एकाच चौकटीत बसतात. फोन माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला, तर बैलांच्या पाठी दिसतात आणि चेहरे खाली दबतात. छातीच्या उंचीवर धरला, म्हणजे साधारण बैलाच्या नजरेला नजर येईल असा, की शिंगे आभाळात उठून दिसतात. आणखी एक गोष्ट नेहमी घडते. गर्दीमुळे मागे जायला जागा नसते, मग फोनची रुंद भिंग वापरून अगदी जवळून फोटो काढला जातो. त्यात अलीकडच्या बैलाचे नाकाड प्रचंड मोठे येते आणि गाडी मागे खेळण्याएवढी उरते. अशा फोटोत सजावट असते, पण तिचे माप हरवलेले असते.

हा पहिला निकष, ‘सजावट पूर्ण आणि खरी दिसते का?’. शंभरपैकी ४० गुण याला द्यावेत असे माझे मत आहे, कारण स्पर्धेच्या नावातच सजवलेली गाडी आहे. नुसता सुंदर फोटो हवा असता तर स्पर्धा वेगळ्या नावाने ठेवली असती.

दुसरा निकष प्रकाश आणि मांडणी, त्याला ३० गुण. इथे खिलार बैलाचा रंग परीक्षा पाहतो. खिलार जोडी बहुतेक पांढरी किंवा करड्या झाकीची. तिच्याभोवती काळी माती, गर्द रंगाची झूल, रंगीत फेट्यांची गर्दी. फोन संपूर्ण दृश्याचा सरासरी उजेड मोजतो आणि गडद भाग जास्त असला की सगळा फोटो उजळवतो. त्यात बैलाची पाठ पांढरी फटक होऊन जाते. वशिंडाची गोलाई, मानेच्या वळ्या, अंगावरची करडी झाक, काहीच उरत नाही. कागदावर छापल्यावर त्या जागी कोरा कागद दिसतो. पंचांनी नेमके हेच तपासावे, बैलाच्या पाठीवर बारकावे आहेत की नुसता पांढरा डाग आहे. उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर बैलाच्या अंगावर बोट टेकवायचे आणि उजेड थोडा खाली ओढायचा. झूल जरा गडद येईल, पण गडद भाग नंतर थोडा उजळता येतो. पांढऱ्यात एकदा गेलेला बारकावा परत येत नाही.

वेळेचेही असेच. चैत्रात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, आपल्याकडे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. शिंगांची आणि बाशिंगाची सावली थेट बैलाच्या डोळ्यांवर पडते, पोटाखाली काळोख होतो. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपे येते. तेव्हा झुलीवरचे आरसे एकेक करून चमकतात आणि घुंगरांना आकार येतो. भर दुपारच्या फोटोला बाद करण्याचे कारण नाही. पण त्याच दिवशी, त्याच गाडीचा सकाळचा फोटो समोर असेल, तर दोन्हींतला फरक मांडवातल्या सगळ्यांना न सांगताही दिसतो.

तिसरा निकष क्षण. यालाही ३० गुण. गाडी नुसती उभी आहे, की काही घडते आहे? बैल नुसता समोर बघतो आहे, की मालकाच्या हाताकडे मान वळवतो आहे? सजवणे ही एक क्रिया असते. गोंडा बांधणारी बोटे, शेंबी बसवताना बैलाच्या कपाळावर ठेवलेला हात, गाडी निघताना बैलांच्या पायांवर पाणी घालणारी घरची बाई. गाडी कुणाची तरी आहे हे अशा फोटोतून कळते. हा निकष मोजायला सर्वांत अवघड आणि भाषणात सांगायला सर्वांत सोपा, कारण काय घडते आहे हे एका वाक्यात सांगता येते.

या तीन निकषांआधी एक दार आहे. त्यातून आत आल्याशिवाय गुण द्यायचेच नाहीत. फोटो याच यात्रेतला, याच वर्षीचा असावा. गाडीच्या मालकाची संमती असावी. नंतर केलेली दुरुस्ती कडा कापणे, उजेड-सावली नीट करणे एवढीच असावी, आभाळ बदललेले किंवा मधली मोटारसायकल पुसलेली नसावी. आणि फोटोत बैलाचा छळ दिसत नसावा.

शेवटची अट काही जणांना कडक वाटते. पण पंचांमध्ये बैल सांभाळलेला एक जरी माणूस असला, तरी त्याला ती पटवून द्यावी लागत नाही. वेसण इतकी ताणलेली की तोंड आभाळाकडे गेले आहे, डोळ्याचा पांढरा भाग उघडा पडला आहे, तोंडाला फेस आहे, जू बसते तिथे खांदेसूज आहे, शेपटी पिरगाळलेली आहे, गाडीवानाच्या हातात पराणी आहे. यातले काहीही दिसले की तो फोटो कितीही रंगीत असला तरी बाजूला ठेवायचा. टोकदार अणीच्या काठीला म्हणजे पराणीला तर १९६५ च्या केंद्रीय नियमांतच मनाई आहे. हे नियम ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी आहेत. तापमान ३७ अंशांच्या वर जाते अशा भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर गाडीला जुंपू नये, असेही त्यांत आहे. चैत्रातल्या माणदेशात पारा सहज तेवढा चढतो. फोटोसाठी वाईट असलेली वेळ आणि बैलासाठी वाईट असलेली वेळ एकच निघते. त्यामुळे ‘फोटो सकाळचा किंवा संध्याकाळचा असावा’ अशी एक ओळ पत्रकात आधीच छापली, तर दोन्ही गोष्टी साधतात.

फोटो मागवताना एक साधी चूक पुढे फार त्रास देते. मुले फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवतात. त्यात फोटो लहान होतो, लांब बाजू बहुधा सुमारे १६०० पिक्सेलवर येते. शिवाय तो कधी काढला याची आत नोंदलेली माहितीही निघून जाते. फोनच्या मूळ फोटोत लांब बाजू ४००० पिक्सेल असेल, तर १८ इंचांच्या छापील प्रतीवर प्रत्येक इंचाला दोनशेहून जास्त ठिपके मिळतात. लहान झालेल्या फोटोत नव्वदसुद्धा मिळत नाहीत, आणि कवड्यांची माळ पांढऱ्या रेघेसारखी दिसते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ आकार आणि तारीख-वेळ दोन्ही टिकतात. शंका आली तर आणखी एक खात्री करता येते. त्या मुलाच्या फोनमधले आधीचे आणि नंतरचे फोटो बघायला मागायचे. कुणीही एकच फोटो काढून थांबत नाही. त्याच जागेवरचे, काही सेकंदांच्या अंतरातले चार-पाच फोटो तिथे असतातच.

आता गुणांचे काय होते ते एका नमुन्यावर पाहू. समजा पंच तीन आहेत. एक फोटोग्राफर, एक बैल राखलेले जुने शेतकरी आणि एक चित्रकलेच्या शिक्षिका. फोटोंच्या मागे नावे नाहीत, फक्त क्रमांक आहेत. शेवटच्या फेरीत तीन फोटो उरले, क्रमांक ७, १९ आणि ३२. सातव्या फोटोत सकाळच्या उन्हात गाडी दारातून निघते आहे आणि घरची म्हातारी बैलांच्या पायांवर पाणी घालते आहे. एकोणिसाव्यात यात्रेतली सर्वांत जास्त सजलेली गाडी आहे. बत्तिसाव्यात गाडी कोरड्या ओढ्यातून वर चढते आहे, मागे मुले बसली आहेत, धुळीत संध्याकाळचे ऊन भरले आहे.

फोटोग्राफरने सातला ८५, बत्तीसला ७० आणि एकोणीसला ५२ गुण दिले. शेतकऱ्याने एकोणीसला ८४, सातला ८०, बत्तीसला ७८ दिले. शिक्षिकेने एकोणीसला ८२, सातला ७८, बत्तीसला ७६. बेरीज केली तर सात २४३, बत्तीस २२४, एकोणीस २१८. म्हणजे तिघांपैकी दोघांनी ज्याला पहिले ठरवले तो फोटो तिसरा आला, आणि त्याच दोघांनी ज्याला शेवटचे ठरवले तो दुसरा. असे होण्याचे कारण फोटोग्राफरचा हात मोकळा आहे. त्याचे गुण ५२ पासून ८५ पर्यंत पसरतात, बाकी दोघांचे सहा गुणांत आटोपतात. नुसत्या बेरजेत ज्याचे गुण जास्त पसरतात त्याचे मत जड होते, मग बाकीच्यांना विचारले काय आणि नाही काय.

त्याऐवजी प्रत्येक पंचाने लावलेला क्रम घेऊन त्या क्रमांची बेरीज करावी. ज्याची बेरीज कमी, तो वर. सातचे क्रम १, २, २, बेरीज ५. एकोणीसचे ३, १, १, बेरीज तीही ५. बत्तीसचे २, ३, ३, बेरीज ८. बत्तीस तिसरा हे स्पष्ट झाले. सात आणि एकोणीस यांच्यात बरोबरी. आता पंचांनी एकत्र बसून दोन्ही फोटो मोठ्या आकारात समोर ठेवावेत आणि प्रत्येकाने आपले कारण सांगावे. फोटोग्राफरने एकोणीसला इतके कमी का दिले? त्याने बोट ठेवून दाखवले की हा फोटो फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये काढला आहे. त्यात मागचा भाग धूसर करण्याचे काम फोन करतो आणि कुठली वस्तू पुढची, कुठली मागची हे अंदाजाने ठरवतो. बारीक, टोकदार गोष्टींत तो हमखास चुकतो. इथे पलीकडच्या बैलाच्या शिंगाचे टोक शेंबीसकट धुक्यात विरले आहे, म्होरकीचे दोन गोंडे अर्धे कापले आहेत आणि कासरा मधेच नाहीसा झाला आहे. बैल राखलेल्या पंचाला हे आधी जाणवले नव्हते, कारण शिंगाला शेंबी असते हे त्याला ठाऊक आहे आणि मनाने ती तिथे पाहून घेतली होती. मोठ्या प्रतीवर पाहिल्यावर त्यालाही मान्य झाले की सजावट गाडीवर आहे, पण फोटोत पूर्ण नाही. सात पहिला, एकोणीस दुसरा, बत्तीस तिसरा. आणि प्रत्येक निर्णयामागे एक असे कारण आहे, जे मांडवातला कुणीही फोटोवर बोट ठेवून तपासू शकेल.

आता भाषण. मी लिहीन ते असे:

‘ग्रामस्थ मंडळी, माता-भगिनींनो, बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनो, राम राम. यात्रेतल्या सजवलेल्या गाड्यांच्या फोटोंचा निकाल मी सांगणार आहे. त्याआधी एक गोष्ट सांगतो. आज बक्षीस फोटोला आहे. कुणाची गाडी चांगली सजली होती याचा हा निकाल नाही. ज्या फोटोला नंबर नाही, त्यातली गाडी कमी होती असं कुणी मनात आणू नये.

आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, सजावट फोटोत पूर्ण दिसते का. शिंगाच्या शेंबीपासून चाकाच्या पुठ्ठ्यापर्यंत. याला शंभरात चाळीस गुण. दुसरी, उजेड. पांढऱ्या बैलाच्या अंगावरची झाक दिसते की नुसता पांढरा डाग दिसतो. याला तीस. तिसरी, फोटोत काही घडतंय का. यालाही तीस. आणि या तिन्हींच्या आधी एक अट होती, बैलाला त्रास दिसता कामा नये. एक फोटो असा होता की रंगानं तो सगळ्यांत उठून दिसत होता. पण त्यात वेसण इतकी ओढलेली होती की बैलाचं तोंड वर गेलं होतं. तो आम्ही घेतला नाही. कुणाचा ते सांगणार नाही. पुढच्या वर्षी वेसण सैल असताना काढा, आम्ही आवडीनं बघू.

तिसरा नंबर, फोटो क्रमांक बत्तीस. इकडं बघा. गाडी ओढ्यातून वर येतेय, मागं पोरं बसलीत, सगळी धूळ उन्हानं भरलीय. उजेडात याला तोड नव्हती. धुळीमुळं झूल आणि माळा झाकल्या, म्हणून तिसरा.

दुसरा नंबर, फोटो क्रमांक एकोणीस. ही गाडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. इतकी सजावट दुसऱ्या कुठल्या फोटोत नाही. पण फोननं मागचं धूसर करताना पलीकडच्या बैलाच्या शिंगाचं टोक खाल्लं, हे बघा, इथं. दोन गोंडेही अर्धे गेले. साध्या मोडमध्ये काढला असता तर मला आज वेगळा निकाल सांगावा लागला असता.

पहिला नंबर, फोटो क्रमांक सात. सकाळचं ऊन आहे. गाडी दारातून निघतेय. आजी बैलांच्या पायांवर पाणी घालतायत, आणि अलीकडच्या बैलानं मान खाली करून त्यांच्या हाताकडं बघितलंय. दोन्ही बैल दिसतात, चाक दिसतं, झुलीवरचा आरसा न् आरसा मोजता येतो. या गाडीवर सजावट एकोणीसपेक्षा कमी आहे. पण जेवढी आहे तेवढी सगळी फोटोत आहे.

आता नावं सांगतो. फोटो काढणारे आणि गाडीचे मालक, दोघांनी बरोबरच वर यायचं. एक बक्षीस फोटो काढणाऱ्याला, आणि याच फोटोची चौकट केलेली प्रत मालकाला. गुणांचे कागद देवळाच्या फलकावर लावलेत. तिन्ही पंच फोटोंपाशी थांबणार आहेत, ज्यांना विचारायचं त्यांनी जरूर विचारा.’

सावकाश, थांबत वाचले तर हे चार मिनिटांत बसते. यात काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. निकष नावांच्या आधी आहेत, कारण एकदा पहिले नाव पुकारले की टाळ्या, शिट्ट्या आणि हलगी सुरू होते, मग मागून सांगितलेले कारण कुणाच्या कानावर पडत नाही. क्रम तिसऱ्याकडून पहिल्याकडे आहे, त्यामुळे प्रत्येक फोटोकडे पाहायला लोकांना उसंत मिळते. आणि प्रत्येक फोटोबद्दल एक चांगली गोष्ट आणि एक उणी गोष्ट सांगितली आहे, पहिल्याबद्दलसुद्धा. ‘सजावट एकोणीसपेक्षा कमी आहे’ हे वाक्य काही संयोजकांना खटकेल. विजेत्याचे उणे कशाला काढायचे, असे ते म्हणतील. पण सगळ्या गावाला ते दिसतच असते. पंचांनी ते स्वतः म्हटले की पंचांनाही दिसले होते हे कळते, आणि एकोणीस नंबरच्या गाडीच्या मालकाचा मानही राहतो.

छापील प्रती व्यासपीठावर असणे गरजेचे आहे, ‘इकडं बघा’ म्हटल्यावर बघायला काहीतरी हवे. उघड्या मांडवात, उजेडात पडद्यावर टाकलेले फोटो फिके दिसतात. झुलीवरचे आरसे आणि शिंगाचे टोक तिथे कुणालाच दिसत नाही. १२ बाय १८ इंचांच्या तीन प्रती, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, त्या त्या नंबरच्या वेळी एकेक उलटून दाखवल्या तर पुढच्या पाच-सहा रांगांना बारकावे दिसतात. मागच्यांसाठी त्याच प्रती नंतर देवळाबाहेर लावाव्यात.

पंच नेमताना एक काळजी घ्यावी. बैल सांभाळलेला माणूस पंचांत हवाच. खांदेसूज फोटोत ओळखणे किंवा बैल चालताना दमला आहे की नुसता बुजला आहे हे सांगणे शहरातल्या फोटोग्राफरला जमेलच असे नाही. पण ज्याची गाडी त्या दिवशी यात्रेत होती, तो पंच नसावा. गाव लहान असले की फोटोमागची नावे झाकून काही साधत नाही, बैलजोडी बघूनच मालक ओळखला जातो. शेजारच्या गावातला माणूस बोलावणे हाच त्यावर खरा उपाय.

एवढे सगळे नीट केले तरी या स्पर्धेची एक मर्यादा उरते, आणि निकालानंतर देवळाबाहेर फोटोंपाशी थांबलेल्या पंचांना ती कुणीतरी शेतकरी सांगतोच. ‘आमच्या गाडीचा फोटो कुणी काढलाच नाही.’ ज्यांच्या घरात फोन घेऊन धावणारे तरुण पोर आहे, त्यांच्या गाडीचे दहा फोटो येतात. म्हातारा-म्हातारी दोघेच राहतात, त्यांची गाडी जुन्या पद्धतीने, कवड्यांनी आणि हाताने विणलेल्या गोंड्यांनी सजलेली असली तरी स्पर्धेत पोहोचत नाही. फोटोच्या निकषांत याचे उत्तर नाही. ते संयोजकांच्या हातात आहे. यात्रेच्या आदल्या दिवशी येणाऱ्या गाड्यांची नोंद करून घ्यायची, प्रत्येक गाडीला क्रमांक द्यायचा आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाने चिठ्ठी उचलून आलेल्या एका गाडीचा किमान एक फोटो द्यायचा, बाकीचे हवे त्या गाड्यांचे. गाड्या चाळीस आणि मुले पंचवीस असली, तर काही जणांच्या वाट्याला दोन चिठ्ठ्या येतील. कुणाच्याही गाडीची सजावट मग स्पर्धेबाहेर राहणार नाही, आणि ज्याला चिठ्ठीत अनोळखी घरची गाडी आली त्याला तिथे जाऊन, मालकाला विचारून, गाडी निघण्याआधी थोडा वेळ बैलांपाशी उभे राहावे लागेल.